मोठ्या भांडणानंतरचा जपून वागण्याचा आठवडा

प्रश्न: ताई, गेल्या रविवारी आमचं इतकं मोठं भांडण झालं की मी "आपण वेगळं होऊ" म्हणाले आणि तो "उद्याच वकिलाशी बोलतो" म्हणाला. कारण त्याला आलेली पुण्याची नोकरी. आज सहावा दिवस. कुणी आवाज चढवत नाही, "प्लीज", "थँक्यू" चाललंय, पण घरात पाहुण्यासारखं वाटतं. सासूबाई सोबत राहतात, मुलगी सहा वर्षांची आहे. मी विषय काढू, की आपोआप निवळेल? (इंदूर)

उत्तर:

आपोआप निवळेल याची वाट पाहू नका, आणि आज रात्रीच सगळं बोलून मोकळं व्हायची घाईही करू नका. आधी एकच छोटं काम आहे. "वेगळं होऊ" आणि "वकील" हे दोन शब्द ठरावीक काळापुरते मागे घ्यायचे. त्यानंतर त्या रात्रीविषयी बोलायचं आणि पुण्याचा विषय सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला की त्याच भांडणाची दुसरी फेरी सुरू होते.

आधी या सभ्यपणाबद्दल बोलू, कारण त्याचा चुकीचा अर्थ लावूनच बरीच जोडपी या आठवड्यात आणखी दुरावतात. बायको मनात म्हणते, "याला आता काही वाटतच नाही." नवरा म्हणतो, "हिनं मनातून ठरवून टाकलेलं दिसतंय." बहुतेक वेळा दोघांचाही अंदाज चुकलेला असतो. ज्याला खरोखर काही वाटत नाही तो इतका जपून वागत नाही. तो मोबाइल बघत जेवतो, उशिरा येतो आणि कळवत नाही, तुमच्या बोलण्याला उत्तर द्यायचे कष्ट घेत नाही. "थँक्यू" म्हणणारा माणूस प्रत्येक शब्द तोलतोय, कारण एका शब्दावरून काय होऊ शकतं ते त्यानं नुकतंच पाहिलंय. तुम्हाला भीती आहे की तो खरंच वकिलाकडे जाईल. त्याला भीती आहे की तुम्ही ते वाक्य पुन्हा म्हणाल. म्हणून दोघंही सगळ्यात निर्धोक वाक्यं निवडताय.

यात शरीराचाही भाग आहे. जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बोलायला बसवलं आणि बोलणं चालू असताना त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. वाद तापला आणि ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की माणसाला समोरच्याचं बोलणं नीट ऐकूच येत नाही. तो फक्त स्वतःचा बचाव करतो, नाहीतर गप्प होतो. शरीर पूर्ववत व्हायला किमान 20 मिनिटं लागतात, तीही मनात तेच तेच घोळवत बसलं नाही तर. आणि मोठ्या भांडणानंतरचे काही दिवस हा पारा फार लवकर चढतो. त्याच्या किल्लीचा आवाज आला की तुमच्या पोटात गोळा येत असेल, तर ते याच कारणानं. म्हणून पहिल्या चार-पाच दिवसांत "आपल्याला बोलायला हवं" या वाक्यानं सुरू झालेलं बोलणं क्वचितच धड संपतं. तुम्ही सहा दिवस थांबलात ते बरंच झालं.

या दिवसांत करण्यासारखं जे आहे ते दिसायला फार साधं आहे. तो जेवताना म्हणतो, "आज राजवाड्याकडे केवढा ट्रॅफिक होता." ही बातमी नाही. तुमच्याशी बोलायचा रस्ता अजून मोकळा आहे का, ते तो चाचपून पाहतोय. तुम्ही "हं" म्हणालात तर रस्ता बंद. "मग कसा आलास, जेल रोडनं?" एवढं विचारलंत तरी खुला. गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांच्या अशा छोट्या हाकांची नोंद ठेवली आणि सहा वर्षांनी पुन्हा पाहिलं. जी जोडपी टिकली होती त्यांनी एकमेकांच्या हाकांना 86 टक्के वेळा प्रतिसाद दिला होता, आणि जी विभक्त झाली त्यांनी 33 टक्के वेळा. या आठवड्यात तुमचं काम एवढंच की त्याची हाक ओळखायची आणि स्वतःही दिवसातून दोन-तीन वेळा द्यायची. रविवारी सकाळी पोहे केलेत तर त्याच्या ताटलीत शेव-जिरावन त्याला आवडतं तसं घाला, आणि ते बोलून दाखवू नका. मनात नसलेलं प्रेम दाखवायला मी सांगत नाहीये. लाडीगोडी लगेच ओळखू येते आणि मग समोरचा आणखी सावध होतो.

आता ते दोन शब्द. ते हवेत तरंगत असताना घरातलं कुठलंच बोलणं सुरक्षित वाटत नाही. भाजी कुठली करू हा प्रश्नसुद्धा "आपण एकत्र राहणार आहोत का" या प्रश्नाच्या सावलीत विचारला जातो. म्हणून ते मागे घ्यायचे, पण खोटं बोलून नाही. दोघांची सवड पाहून, मुलगी आणि सासूबाई जवळ नसताना, उभ्या उभ्या सांगता येईल असं काहीतरी म्हणा: "त्या दिवशी मी वेगळं होऊ म्हणाले. रागात म्हणाले, मला तसं नकोय. दिवाळीपर्यंत आपण दोघांनीही हा शब्द काढायचा नाही, असं मला वाटतं. तुला आत्ता उत्तर द्यायची गरज नाही." शेवटचं वाक्य गाळू नका. त्याला विचार करायला वेळ मिळाला तर होकार मनापासून येतो. तिथल्या तिथे उत्तर मागितलंत तर तो फक्त सुटका करून घेईल.

आणि समजा तुम्हालाच खात्री नाही, रागाच्या पलीकडेही काही शंका आहे, तर "मला तसं नकोय" म्हणू नका. तेव्हा असं म्हणा: "मला काय हवंय ते मलाच अजून नीट कळलेलं नाही. पण पुढचे दोन महिने मी कुठलाही निर्णय घेणार नाही, तूही घेऊ नकोस." मुदत दिली की धमकीची धार जाते आणि तुमचा प्रामाणिकपणाही राहतो. तो वकिलाचं म्हणाला म्हणून झोप उडाली असेल, तर एवढं लक्षात घ्या की रागात उच्चारलेल्या शब्दानं कुठलीच प्रक्रिया सुरू होत नाही. हिंदू विवाह कायद्यातल्या 13ब कलमाखाली परस्परसंमतीनं घटस्फोट मागायचा झाला तरी त्याआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर सहा महिन्यांचा थांबा असतो. 2017 पासून न्यायालय तो थांबा माफ करू शकतं, पण तो माफ करायचा की नाही हे न्यायालय ठरवतं. तुमच्याकडे वेळ आहे.

यानंतर ते बोलणं. ते कसं फसतं आणि कसं जमतं हे एका जोडप्यावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सुदामा नगरात राहणारं जोडपं. नवऱ्यानं धाकट्या भावाच्या दुकानासाठी चार लाखांची एफडी मोडली आणि बायकोला ते बँकेच्या मेसेजवरून कळलं. भांडणात ती म्हणाली, "मी देवासला आईकडे जाते, परत येणार नाही." तो म्हणाला, "जा, अडवतंय कोण." ती गेली नाही. मग तुमच्यासारखेच चार दिवस गेले. पाचव्या रात्री मुलगा झोपल्यावर साडेअकराला तिनं विषय काढला. तिच्याकडे सगळं तयार होतं: कुठल्या तारखेला काय विचारलं होतं, त्यानं काय उत्तर दिलं होतं, मोबाइलमधले मेसेज. पहिल्या दोन मुद्द्यांना त्यानं उत्तरं दिली. तिसऱ्यापासून नुसतं "हं". मग तो पाणी प्यायला उठला तो परत आलाच नाही, बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून बसला. ती मागे गेली. पाच मिनिटांत आवाज इतके चढले की सासूबाईंनी दार वाजवलं.

यात दुष्ट कुणीच नव्हतं. एकानं पाठपुरावा करायचा आणि दुसऱ्यानं माघार घ्यायची, हा जोडप्यांमधला अतिशय ठरलेला प्रकार आहे. अँड्र्यू ख्रिस्टेन्सन या संशोधकानं त्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिला वाटतं, हा पळतोय म्हणून मला मागे जावं लागतं. त्याला वाटतं, ही मागे लागते म्हणून मला निघून जावं लागतं. दोघंही खरं बोलत असतात, म्हणून हे चक्र "आधी कोणी सुरू केलं" या वादानं कधीच थांबत नाही. शिवाय वेळ रात्री साडेअकराची होती. दिवसभर दमलेल्या, झोपेला आलेल्या माणसाशी अशा विषयावर बोलू नये, हा माझा अगदी पक्का आग्रह आहे.

दुसऱ्या वेळी आम्ही चार गोष्टी बदलल्या. वेळ शनिवार सकाळची, मुलगा ड्रॉइंग क्लासला गेलेला. जागा घराबाहेर, मेघदूत उपवनात चालता चालता. आपल्या घरांत सासूबाई पलीकडच्या खोलीत असतात, कुकरची शिट्टी होते, दाराची बेल वाजते. तिथे मन उघडत नाही. चालताना सतत डोळ्यांत डोळे घालून बसावं लागत नाही, आणि गप्प होणाऱ्या माणसाला त्याचा फार आधार वाटतो. मुदत 25 मिनिटं, आधी ठरवलेली. आणि विषय एफडी नाही. विषय ती रात्र. पैसे परत कसे आणायचे याचा एक शब्दही तिथे काढायचा नाही.

आधी तिनं सांगायचं, त्यानं मध्ये बोलायचं नाही, आणि शेवटी ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. तिला सगळ्यात जास्त काय लागलं ते ऐकून तो थबकला. चार लाख नव्हते ते. "अडवतंय कोण" हे होतं. लहानपणी तिच्या वडिलांनी आईचे दागिने घरात न सांगता विकले होते आणि आईला ते सराफाकडून कळलं होतं. बँकेचा मेसेज पाहताना तिला आईचा तोच चेहरा आठवला. त्याला दागिन्यांची गोष्ट ऐकून माहीत होती, पण या मेसेजशी तिचा संबंध कधी लागला नव्हता. मग त्याची पाळी. तिनं रागात म्हटलं होतं, "तुझ्या घरच्यांनी मला लुटलं." वडील गेल्यावर अकरा वर्षांनी लहान असलेल्या भावाला त्यानंच वाढवलं होतं. त्या वाक्यात त्याला ऐकू आलं ते असं, की तू ज्याच्यासाठी राबलास तो चोर आहे.

पंधराव्या मिनिटाला गाडी घसरलीच. तो म्हणाला, "पण तू पण तर..." तिचा चेहरा बदलला. ठरलं होतं त्याप्रमाणे दोघांनी एक फेरी न बोलता मारली आणि मग पुढे सुरू केलं. नंतर दोघांनी आपापल्या वाट्याची एकेक गोष्ट उचलली, "पण" न लावता. ती म्हणाली, "तुझ्या आईसमोर मी ओरडले, ते मी करायला नको होतं." तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू नाही म्हणशील म्हणून मी सांगितलंच नाही. ते चुकलं." नेमक्या एका कृतीची माफी लागू पडते. "जे काही झालं त्याबद्दल सॉरी" ही माफी ऐकणाऱ्याला विषय बंद करायची घाई वाटते. शेवटी पुढच्या वेळेसाठी एकच नियम ठरला: भांडणात जो "थांबू" म्हणेल त्यानंच परत कधी बोलायचं ती वेळही सांगायची. "थांबू, जेवण झाल्यावर बोलू." त्यामुळे त्याला उठून जायची मुभा मिळाली आणि तिला तो परत येईल याची खात्री. एफडीचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. त्याला पुढे काही महिने लागले. पण मुलाला घ्यायला दोघं एकाच स्कूटरवरून गेले.

तुमच्याकडे हेच करायचं तर बोलणं "त्या रविवारी" वर ठेवा. पुण्याचा "प" आला की थांबा. सुरुवात तुमच्या मनापासून होऊ दे: "तू वकील म्हणालास तेव्हा मी घाबरले." "तू मला घाबरवलंस" म्हणालात तर तो पहिल्याच वाक्याला सफाई द्यायला लागेल. आणि पुण्याच्या बातमीनं तुमच्या मनात नक्की काय हललं ते आधी स्वतःशी पाहून ठेवा. शहर सोडायचं दुःख, तुमची नोकरी, की ही गोष्ट तुम्हाला विचारण्याआधी दुसऱ्या कुणाला कळली होती हे? तिन्ही वेगवेगळी दुखणी आहेत आणि भांडणात ती एकाच आवाजात बाहेर पडतात.

तो "जाऊ दे ना, झालं ते झालं" म्हणाला तर चिडू नका. बऱ्याच पुरुषांच्या तोंडी ते तहाचं वाक्य असतं, टाळाटाळ नसते. तह स्वीकारा आणि वेळ मागा: "ठीक आहे, आज नको. शनिवारी सकाळी अर्धा तास देशील?" दोन वेळा वेळ ठरूनही टळली, तर मग ती टाळाटाळ समजा आणि समुपदेशकाकडे दोघांनी जायचं सुचवा. आणखी एक. या दिवसांत एकाला जवळीक हवी असते, दुसऱ्याला आधी बोलणं हवं असतं. जवळ आला म्हणजे सगळं मिटलं असं धरू नका, आणि आला नाही म्हणजे प्रेम संपलं असंही नाही.

सासूबाईंना कळलेलं आहेच. त्यांच्याकडे गाऱ्हाणं नेऊ नका आणि त्यांच्यापासून लपवायचाही आटापिटा नको. "आई, आमचं बोलणं चाललंय, तुम्ही काळजी करू नका," एवढं पुरे, आणि हेच त्यानंही त्यांना सांगावं. माहेरी मात्र जपून. तुमचं आठवड्यात मिटेल. तुमच्या आईच्या मनातून "वकील" हा शब्द वर्षभर जाणार नाही. मुलीला दोघांनी मिळून सांगा की आई-बाबांचं भांडण झालं होतं, ते तुझ्यामुळे नव्हतं आणि आम्ही ते सोडवतोय. सहा वर्षांच्या मुलांना भांडण ऐकू येतं आणि कारण ती स्वतःमध्ये शोधतात. भांडण तिनं ऐकलं असेल तर समेटही तिला दिसू दे.

बरं चाललंय हे कशावरून ओळखायचं? "थँक्यू" कमी होतात आणि पहिली बारीक कुरकुर परत येते. "गिझर परत चालूच ठेवलास" असं तो म्हणाला आणि आकाश कोसळलं नाही, तर समजा की घर पूर्वपदावर येतंय. त्या दिवशी त्या कुरकुरीवर रागावू नका. उलट चिन्हंही सांगते. तिसरा आठवडा उजाडला तरी तोच सभ्यपणा, निरोप मुलीमार्फत जायला लागले, पैशांचे व्यवहार लपवले जाऊ लागले, किंवा एकमेकांच्या बोलण्याची नक्कल करून हसणं सुरू झालं, तर घरच्या घरी सुटण्यातलं ते राहिलेलं नाही. यातलं शेवटचं मला सगळ्यात काळजीचं वाटतं, कारण रागात अजून अपेक्षा असते, तुच्छतेत ती नसते.

हे सगळं मी त्याच जोडप्यांसाठी लिहिते आहे जिथे दोघंही सावध आहेत, पण कुणी कुणाला भीत नाही. त्या रात्री हात उगारला गेला असेल, दार अडवलं असेल, फोन हिसकावला असेल, मुलगी नेईन अशी धमकी असेल, तर बागेतल्या फेऱ्या मारू नका. तिथला शांतपणा तुम्ही भीतीनं धरलेला असतो आणि मन उघडून बोललेलं नंतर तुमच्याविरुद्ध वापरलं जातं. तेव्हा 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा त्याच घरात राहायचा हक्कही देतो. दोघांपैकी कुणीही जीव द्यायची भाषा केली असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर लगेच बोला. तिथे हिंदीत बोलता येतं.

राहिलं पुणं. कंपनीला उत्तर कधी द्यायचंय ते आजच साध्या शब्दांत त्याला विचारा, आणि तारीख जवळची असेल तर आठ-दहा दिवस वाढवून मागायला सांगा. बहुतेक ठिकाणी तेवढी मुदत मिळते. त्या रविवारबद्दलचं बोलणं झाल्यावर मध्ये किमान दोन दिवस जाऊ द्या. मग कागद-पेन घेऊन बसा आणि पहिल्या बैठकीत निर्णय घ्यायचा नाही असं आधीच ठरवून फक्त प्रश्न लिहून काढा: मुलीची शाळा वर्षाच्या मध्यात बदलायची का, सासूबाईंना पुण्यात करमेल का, तुमच्या नोकरीचं काय, आणि पहिले सहा महिने त्यानं एकट्यानं जाऊन पाहणं दोघांना झेपेल का.